सिमला खणाचा टॉप घालायचाय? मग कापडाखालचे बाकीचे तीन थर पण बदला

माझी आई सांगलीत घरीच शिवणकाम करते, त्यामुळे आमच्या घरात खणाच्या कापडाची त्रिकोणी घडी कायम कुठे ना कुठे पडलेली असते. खण विणला जातो तिकडे गुळेदगुड्डला, बागलकोट जिल्ह्यात, पण सांगली मिरज कोल्हापूरकडे तो इतका घरचा झालाय की सण म्हटलं की खण आलाच. मी द सिम्स 4 हा गेम खेळते आणि त्यातल्या माझ्या सिमला, म्हणजे माझ्या पात्राला, खणाचा टॉप पाहिजे होता. 2021 मध्ये Fashion Street नावाचं किट आलं त्यात मुंबईच्या फॅशनवरून केलेले कपडे आहेत, छान आहेत, पण मला आमच्या घरातला खण पाहिजे होता, हिरवा, लाल काठाचा. तो मी Sims 4 Studio मध्ये, म्हणजे या गेमसाठी स्वतःचे कपडे बनवायच्या प्रोग्रॅममध्ये, स्वतः बनवला, आणि ते करताना जी एक गोष्ट मला कुणी आधी सांगितली असती तर माझे दोन वीकेंड वाचले असते ती इथे नीट सांगते.

ती गोष्ट अशी की सिमच्या अंगावरचा कपडा म्हणजे एक चित्र नसतं. एकावर एक चार चित्रं असतात. आपण त्यातलं एकच बदलतो आणि मग वाटतं की काहीतरी चुकतंय पण काय ते कळत नाही.

माझं काय झालं ते आधी सांगते. मी बेस गेममधला एक अंगाबरोबर बसणारा अर्ध्या बाहीचा टॉप घेतला, गोल गळा, समोर तीन बटणं, छातीवर छोटा खिसा. त्याचं चित्र बाहेर काढलं, त्यावर खणाचं डिझाईन टाकलं, परत आत टाकलं, गेम चालू केला. लांबून मस्त दिसत होतं. जवळ झूम केलं तर हिरव्या खणावर खिशाची चौकट उठून दिसत होती आणि तीन गोल फुगवटे पण, म्हणजे बटणं मी पुसली होती पण त्यांचे उठाव तसेच. आई मागून बघत होती, ती म्हणाली, "अगं, कापड नवीन घातलंस पण आत जुना शर्ट ठेवलास की." एकदम बरोबर वाक्य आहे ते. तसंच झालं होतं.

आता हे चार थर कुठले ते बघू. स्टुडिओमध्ये टेक्श्चर टॅबवर एक ड्रॉपडाऊन असतो, त्यात ते दिसतात. पहिला डिफ्यूज, हा म्हणजे कापडाचा रंग आणि डिझाईन, जे आपल्याला डोळ्याला कपडा म्हणून दिसतं. दुसरा शॅडो, कपड्याची कड अंगावर टेकते तिथे कातडीवर पडणारी सावली, गळ्याभोवती, बाहीच्या टोकाशी, कमरेपाशी. तिसरा नॉर्मल मॅप, काहीजण बंप पण म्हणतात, हा उंचसखलपणा सांगतो, म्हणजे प्रत्यक्षात कपडा सपाटच आहे पण उजेड असा पाड की इथे शिलाई आहे, इथे बटण वर आलंय असं वाटेल. चौथा स्पेक्युलर, म्हणजे चमक कुठे किती.

खिसा आणि बटणं चारपैकी दोन ठिकाणी असतात, डिफ्यूजमध्ये रंगवलेली आणि नॉर्मलमध्ये उठावाची. कधीकधी स्पेक्युलरमध्ये पण बटण चमकतं. म्हणून फक्त डिफ्यूज बदललं की कापड बदलतं आणि शिवण जुनीच राहते. आणि या चौघांच्या खाली मेश असतो, तो कपड्याचा खरा आकार, त्याला आपण आज हात लावत नाही. तेवढं लक्षात ठेवायचं की मेशमध्ये कॉलर असेल तर ती रंगाने जाणार नाही, म्हणून सुरुवातीला असाच टॉप निवडा ज्याचा आकार तुम्हाला पाहिजे तसाच आहे. अंगाला चिकटलेला टॉप सगळ्यात सोपा.

सुरुवात: कुठला रंग बाहेर काढायचा

स्टुडिओ उघडला की CAS, म्हणजे सिम बनवायच्या आणि त्याला कपडे घालायच्या भागाच्या खाली `Create CAS Standalone` आणि ओव्हरराइड असे पर्याय मिळतात. स्टँडअलोन घ्या, त्यात गेममधला मूळ टॉप तसाच राहतो आणि तुमचा वेगळा नवीन टॉप तयार होतो. ओव्हरराइड घेतलं तर मूळ टॉपच बदलतो आणि गावातल्या प्रत्येक सिमने तो घातलेला असेल तिथे खण दिसायला लागेल. मग फिल्टर लावून टॉप शोधा, फाईलला नाव द्या, `.package` फाईल तयार होते.

आता त्या टॉपचे पाचदहा रंग असतात, त्याला स्वॉच म्हणतात. इथे बहुतेकजण आपल्याला पाहिजे त्या रंगाच्या जवळचा स्वॉच घेतात, मला हिरवा पाहिजे म्हणून हिरवा. तसं करू नका. पांढरा किंवा सगळ्यात फिकट स्वॉच घ्या. कारण या गेममध्ये चुण्या आणि कापडाच्या सुरकुत्या डिफ्यूजच्या चित्रातच हाताने रंगवलेल्या असतात, आणि गडद रंगात त्या बुडून जातात. पांढऱ्यावर प्रत्येक चुणी राखाडी छटेत स्वच्छ दिसते आणि आपल्याला तीच पाहिजे.

डिफ्यूज निवडून एक्सपोर्ट केलं की PNG मिळते, 1024 बाय 2048 पिक्सेलची. उघडल्यावर घाबरायला होतं कारण टॉप टॉपसारखा दिसत नाही, पुढचा भाग वेगळा, पाठ वेगळी, बाह्या वेगळ्या, बाकी सगळी जागा रिकामी. पण शिवणकाम बघितलेल्या माणसाला हे लगेच कळतं, कापड बेतून टेबलावर पसरलेले तुकडे असतात ना अगदी तसेच आहेत ते. गेम ते तुकडे अंगावर नेऊन जोडतो. रिकामी जागा एवढी का, तर सिमचे बाकीचे कपडे, बूट आणि कातडी सगळे मिळून याच एका पानावर बसतात, टॉपच्या वाट्याला त्यातला थोडाच भाग येतो. म्हणून तुकडा जागचा हलवायचा नाही, एक पिक्सेल पण नाही, आणि फाईलचा साईज बदलायचा नाही.

खण घालणं

मी आईकडचा खण खिडकीपाशी उजेडात सपाट ठेवून वरून फोटो काढला. मग गिंप या चित्रं बदलायच्या प्रोग्रॅममध्ये एका बुट्टीपासून पुढच्या बुट्टीपर्यंतचा बरोब्बर एक चौकोन कापला, कॉपी केला, आणि तोच पॅटर्न म्हणून नव्या लेयरमध्ये भरला. चौकोन एखाद्या पिक्सेलने जरी चुकला तरी भरल्यावर जाळीसारख्या रेषा दिसतात, तेव्हा परत कापायचा.

बुट्टीचा आकार हा खरा प्रश्न आहे. खऱ्या खणात बुट्टी बारीक असते, आणि मी आधी तशीच प्रमाणात ठेवली, साधारण 8 पिक्सेलची. गेममध्ये तिचं नुसतं हिरवट धुकं झालं. कारण अख्ख्या छातीला मुळात काहीशेच पिक्सेल मिळतात, त्यात गेम चित्र दाबून साठवतो, आणि कॅमेरा लांब गेला की अजून लहान केलेलं चित्र वापरतो. शेवटी 24 पिक्सेलची बुट्टी केली. जवळून बघितलं तर खऱ्या खणापेक्षा मोठी वाटते, पण खेळताना ज्या अंतरावरून आपण सिम बघतो तिथून ती खण म्हणून ओळखू येते, आणि मला हेच जास्त महत्त्वाचं वाटतं.

आता लेयरचा क्रम. सगळ्यात खाली खणाचा लेयर. त्याच्यावर मूळ पांढऱ्या टॉपची कॉपी, तिचे सगळे रंग काढून टाकून फक्त काळापांढरा ठेवायचा, आणि लेव्हल्सने इतकं उजळ करायचं की साधं कापड जवळजवळ पांढरं होईल आणि फक्त चुण्या राखाडी राहतील. या लेयरचा मोड मल्टिप्लाय करायचा. मल्टिप्लायमध्ये पांढरं गायब होतं आणि राखाडी खालच्या रंगाला गडद करतं, म्हणजे खणावर मूळ टॉपच्या चुण्या पडतात. हे केलं नाही तर खण अंगावर चिकटवलेल्या स्टिकरसारखा दिसतो.

याच काळ्यापांढऱ्या लेयरमध्ये खिसा आणि बटणं पण आहेत. ती क्लोन टूलने बाजूचं कापड उचलून भरून टाका.

मग काठ. बाहीच्या टोकाला आणि खाली लाल पट्टी, त्यात एक पिवळी रेघ. इथे एक अडचण येते, बाजूची शिवण. पुढचा तुकडा आणि मागचा तुकडा काखेखाली जिथे भेटतात तिथे बुट्ट्या जुळत नाहीत, अर्धी बुट्टी इकडे आणि अर्धी तिकडे. आई म्हणाली गिऱ्हाइकाच्या ब्लाऊजला पण हेच होतं, तिथे ती एक तर डिझाईन जुळवून बेतते नाहीतर बाजूला साधी पट्टी घालते. मी पट्टी घातली, दोन्ही बाजूंना तोच हिरवा पण बिनबुट्टीचा. जुळवण्यापेक्षा खूप कमी वेळ लागतो आणि शिवण दिसतच नाही. आणि प्रत्येक तुकड्याच्या कडेबाहेर चारपाच पिक्सेल रंग पुढे नेऊन ठेवा, आपण शिलाईसाठी माया ठेवतो तसं. नाहीतर लांबून बघताना शिवणीवर पांढरट रेघ चमकते. फक्त गळा, बाहीचं टोक आणि खालची कड इथे रंग बाहेर न्यायचा नाही, कारण तिथे कपडा संपतो आणि पुढे कातडी सुरू होते.

गळा बदलला आणि सावली मागे राहिली

खणाच्या टॉपला गोल गळा मला बरा वाटेना, थोडा खोल पानगळा पाहिजे होता. अंगाबरोबर बसणाऱ्या टॉपमध्ये हे शक्य आहे कारण चित्रातला जो भाग पारदर्शक असतो तिथे गेम सिमची कातडी दाखवतो. त्यामुळे गळा खोल करायचा म्हणजे तिथलं चित्र इरेझरने पुसायचं, एवढंच. उलट सैल कपड्याची लोंबणारी किनार अशी पुसायला गेलात तर ती नाहीशी होईलच असं नाही, कारण मेश तिथेच आहे, आणि त्या जागी कातडी असेल तर कातडीच्या रंगाची किनार लोंबताना दिसते.

PNG परत सेव्ह करताना गिंप विचारतो की पारदर्शक पिक्सेलचे रंग जपून ठेवायचे का, त्याला हो म्हणा. नाहीतर गळ्याच्या कडेला बारीक काळी किंवा पांढरी किनार येते आणि ती कुठून आली ते शोधण्यात संध्याकाळ जाते.

पानगळा तर झाला, पण गेममध्ये बघितलं तर नव्या गळ्याच्या आत, उघड्या कातडीवर, जुन्या गोल गळ्याची करडी रेघ. काळा दोरा बांधल्यासारखी. ती डिफ्यूजमध्ये नाहीच, मी तीनदा तपासलं. ती शॅडोच्या थरात आहे. जुना गळा जिथे संपत होता तिथली सावली.

ड्रॉपडाऊनमधून शॅडो निवडून `Make Blank` दाबलं की तो थर रिकामा होतो. रेघ गेली. पण त्याबरोबर बाहीची आणि खालच्या कडेची चांगली सावली पण गेली आणि टॉप अंगावर रंगवल्यासारखा सपाट दिसायला लागला. मग मी सावली डिफ्यूजमध्येच परत दिली. गळ्याच्या, बाहीच्या आणि खालच्या कडेच्या अगदी बाहेर तीनचार पिक्सेल मऊ ब्रशने काळा, पारदर्शकता अशी की फक्त पंचवीसतीस टक्के दिसेल. अर्धवट पारदर्शक रंग कातडीत मिसळतो, पातळ स्टॉकिंग्ज याच तत्त्वावर दिसतात, त्यामुळे ही सावली खरी वाटते. काळ्याऐवजी गडद तपकिरी घेतला तर अजून चांगलं, गोऱ्या कातडीवर काळा फार करडा दिसतो.

खिशाचे उठाव काढणं

आता नॉर्मल मॅप, जिथे माझा मूळ प्रश्न होता. इथेही `Make Blank` आहे आणि मी आधी तेच केलं. खिसा गेला, बटणं गेली, आणि शिवणी, गळ्याची पट्टी, चुण्यांचा उठाव सगळंच गेलं. खणासारख्या पातळ कापडाला ते चालून जातं, चुण्या डिफ्यूजमध्ये रंगवलेल्या आहेतच. घाई असेल तर एवढ्यावर थांबायला हरकत नाही. पण डेनिम किंवा लोकर करत असाल तर ब्लँक केलेलं लगेच कळून येतं, कापडाला वजनच राहत नाही.

मला बाहीची शिलाई पाहिजे होती म्हणून मी ते परत आणलं आणि फक्त खिसा पुसायला बसले. फाईल उघडली तर सगळी राखाडी, त्यात खिशाची पुसट चौकट. क्लोन टूलने बाजूचा राखाडी घेऊन चौकट भरली, आत टाकली, गेममध्ये बघितलं, आणि खिसा अर्धाच गेलेला! आडव्या रेघा गेल्या आणि उभ्या तशाच.

याचं कारण कळलं तेव्हा मला खूप बरं वाटलं. उठाव सांगायला दोन आकडे लागतात, इथलं कापड वरखाली किती कललंय आणि डावीउजवीकडे किती कललंय. या गेममध्ये वरखालीचा आकडा चित्राच्या रंगात ठेवलेला असतो आणि डावीउजवीकडेचा अल्फामध्ये, म्हणजे एरवी जिथे पारदर्शकता असते त्या चॅनलमध्ये. मी रंग भरला, अल्फाला हात लावलाच नाही. म्हणून खिशाच्या वरच्या खालच्या कडा गेल्या आणि दोन्ही बाजूंच्या उभ्या कडा राहिल्या.

म्हणून गिंपमध्ये लेयरवर राईट क्लिक करून लेयर मास्क जोडा आणि त्यात लेयरचा अल्फा ट्रान्सफर करायचा पर्याय निवडा. आता अल्फा हे स्वतंत्र काळंपांढरं चित्र म्हणून बाहेर येतं. आधी रंगाच्या चित्रात खिसा आणि बटणं क्लोनने भरा, मग मास्कवर क्लिक करून तिथे पण त्याच जागी भरा. दोन्हीकडे सपाट कापड म्हणजे मधला राखाडी, 255 पैकी 128 च्या आसपास. शेवटी मास्क अप्लाय करून एक्सपोर्ट करा. तुमचा खिसा अर्धवट गेला असेल तर कुठल्या दिशेच्या कडा उरल्यात ते बघा, त्यावरून लगेच समजतं कुठलं चित्र राहिलंय.

चमक फक्त काठाला

स्पेक्युलर सोपा आहे. जितकं उजळ तितकी चमक, काळं म्हणजे मॅट. माझ्या मूळ टॉपला सगळीकडे हलकी सॅटिनसारखी चमक होती, ती खणाच्या अंगाला शोभत नाही, माझ्याकडच्या तुकड्याचं अंग मंद आहे आणि काठ चमकतो. मी अंगाचा भाग बराच गडद केला आणि काठाच्या पट्ट्या तेवढ्या उजळ ठेवल्या. याचा अल्फा जसा आला तसाच राहू दिला, आणि एक्सपोर्टला फाईल ज्या साईजची मिळाली त्याच साईजची परत दिली. डिफ्यूजच्या साईजची करायला जायचं नाही. काठ फार चमकला तर उन्हात पत्र्यासारखा दिसतो, म्हणून दिवसा घराबाहेर नेऊन बघा, कपडे घालायच्या स्क्रीनवरचा उजेड फार मऊ असतो आणि तिथे कळत नाही.

गेममध्ये टाकणं

फाईल सेव्ह करून या फोल्डरमध्ये ठेवायची:

```
Documents\Electronic Arts\The Sims 4\Mods
```

गेमच्या ऑप्शनमध्ये `Enable Custom Content and Mods` वर टिक पाहिजे, आणि प्रत्येक अपडेटनंतर गेम ती टिक स्वतःच काढून टाकतो, त्यामुळे टॉप अचानक गायब झाला तर आधी तिथे बघा. फाईल बदलली की गेम पूर्ण बंद करून परत चालू करावा लागतो. टॉप बदललाय पण यादीतलं छोटं चित्र जुनंच दिसतंय असं झालं तर गेम बंद असताना द सिम्स 4 च्या फोल्डरमधली `localthumbcache.package` डिलीट करा, गेम ती नवीन बनवून घेतो.

मिरजेची माझी मामेबहीण हे वाचून करायला बसली आणि रात्री तिचा फोन, "ताई, हिरव्यात खिसा गेला पण जांभळ्यात परत आलाय." तिने मूळ टॉपचे सगळे स्वॉच ठेवले होते, हिरव्या स्वॉचवर चारही थर बदलले आणि बाकी स्वॉचवर फक्त डिफ्यूज. प्रत्येक स्वॉच गेमसाठी वेगळी नोंद असते आणि त्याचा प्रत्येक थर कुठल्या चित्राकडे बोट दाखवतो ते त्या नोंदीत लिहिलेलं असतं, जांभळ्याचं बोट अजून जुन्या नॉर्मल मॅपकडेच होतं. तिला मी सांगितलं की आधी एक सोडून बाकी सगळे स्वॉच काढून टाक, त्या एकाचे चारही थर पक्के कर, मगच त्यावरून नवीन स्वॉच वाढव आणि प्रत्येकावर क्लिक करून ड्रॉपडाऊनमध्ये शॅडो, नॉर्मल, स्पेक्युलर एकेक उघडून बघ. तिने जांभळा, गुलबक्षी आणि मोरपंखी केला, तिघांना लाल काठ. आईने मोरपंखी बघितला आणि विचारलं हा खण कुठल्या दुकानात मिळाला.